वीस किलोचा कुत्रा

त्या रविवारी मी एका जखमी कुत्र्याला कवेत घेऊन वजनकाट्यावर उभा होतो आणि बायकोने विचारलं, "तुमचं किती?" मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर." एवढंच. चूक म्हणायला एका शब्दाची.

अठ्ठ्याहत्तर हे माझं आवडतं वजन आहे. ते एकेकाळी खरंही होतं. टायफॉइडमधून उठलो तेव्हा काट्याने ते दाखवलं होतं, आणि तेव्हापासून मी ते जपून ठेवलंय. पुन्हा काट्यावर मात्र चढलो नाही. उगाच संबंध कशाला बिघडवा?

माझी बायको जनावरांची डॉक्टर. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत तिचा दवाखाना आहे. मी बँकेत असतो. रविवारी तिचा कंपाउंडर सुट्टीवर, म्हणून त्याच्या जागी मी. दार उघडायचं, फरशी पुसायची, कुत्र्याचं तोंड धरायचं, मांजराने ओरबाडलं तर आवाज न करता ओरबाडून घ्यायचं. येणारे लोक सर्रास मलाच डॉक्टर समजतात, कारण मला चष्मा आहे, पोट आहे आणि मी पुरुष आहे. आधी मी त्यांची समजूत दुरुस्त करायचो. आता नुसती मान हलवतो आणि "आत या" म्हणतो.

त्या वर्षी बायकोकडे एक मुलगी शिकायला यायची. पशुवैद्यकीच्या शेवटच्या टप्प्यातली, हुशार, पण हात लावण्याआधी दहादा विचार करणारी. बायको तिला रोज गणितं घालायची. आतल्या खोलीत एक पांढरा फळा आहे, त्यावर. अमुक किलोचा कुत्रा, किलोला इतके मिलिग्रॅम औषध, बाटलीत एका मिलीत इतके मिलिग्रॅम, तर सिरिंजमध्ये किती मिली भरशील? मला बाहेर बसून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मिलिग्रॅम म्हणजे औषध, मिली म्हणजे ते ज्यात विरघळलंय ते पाणी; दोन्हींची गल्लत केली की जनावर जातं. बायको हे इतक्या शांतपणे सांगायची की मला सिन्नरच्या बसची वेळ सांगतेय असं वाटायचं.

आणि फळ्यावरचा कुत्रा नेहमी वीस किलोचा असायचा. पुस्तकातही तो वीसचाच असतो म्हणे. वीसने गुणायला सोपं जातं.

तर तो रविवार. मखमलाबादच्या पुढून एक बाई आल्या, शेजाऱ्याच्या टेम्पोतून. झेंडू आणि शेवंती करणाऱ्या, वयाने माझ्या मोठ्या बहिणीएवढ्या. सोबत गोधडीत गुंडाळलेला कुत्रा. तांबूस, केसाळ, शेपटीचा नुसता झुपका. आदल्या दिवशी पहाटे फुलं भरताना टेम्पो मागे घेतला आणि याच्या छातीला धडक बसली. पण हा उठला, संध्याकाळी भाकरीही खाल्ली. बाईंना वाटलं, निभावलं. आणि आज सकाळी पाण्याच्या भांड्याशी चालत जाता जाता आडवाच झाला.

त्यांनी गोधडी माझ्याच हातात दिली.

"डाक्टरसाहेब, हा गेला तर मला रानात झोप नाय येणार," त्या म्हणाल्या. "उसात बिबट्या फिरतो. हा गप असला की मी झोपते, हा भुंकला की उठते. घरात दुसरं हाय कोण?"

मी मान हलवली. सवयीने.

बायकोने स्टेथोस्कोप लावला आणि तिचा चेहरा बंद झाला. ती घाबरली की चेहरा असा बंद करते, शटर ओढल्यासारखा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ते शटर ओळखू येतं. तिने मॉनिटरच्या तारा लावल्या. पडद्यावर जे धावत होतं ते मला कळण्याचं कारण नव्हतं, पण चांगल्या हृदयाचं चित्र मी रविवारी रविवारी पाहिलं होतं, आणि हे तसं नव्हतं. रुंद, वेडेवाकडे डोंगर, एकाला एक चिकटलेले, आकडा दोनशेच्या वर. कुत्र्याच्या मांडीत नाडी बघायला तिने माझा हात तिथे नेऊन ठेवला. पडद्यावर ठोका पडायचा आणि बोटाखाली काहीच यायचं नाही. मग एकदम दोन यायचे. मी हात काढून घेतला.

तिने बाईंना समजावून सांगितलं की छातीला मार बसला की हृदयाच्या स्नायूलाही मुका मार बसतो, आणि त्याचा त्रास लगेच न दिसता दुसऱ्या दिवशी दिसू शकतो. हृदय धावतंय, पण रक्त ढकलत नाहीये. ते आवरलं नाही तर थांबेल. औषध आहे. शिरेतून द्यायचं.

औषध होतं लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत देतात तेच, फक्त इथे साधं, हृदयाला आणखी पळवणारं ॲड्रेनलिन न मिसळलेलं. मुलीने बाटली आणली तेव्हा बायकोने ते लेबल स्वतः वाचलं आणि मग तिलाही मोठ्याने वाचायला लावलं.

"वजन घ्या," बायको म्हणाली.

मोठ्या कुत्र्यांचा जमिनीवरचा काटा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. अशा वेळी सगळ्या दवाखान्यांत जे करतात तेच आम्ही करतो: माणसाने कुत्रा उचलून साध्या काट्यावर उभं राहायचं, मग कुत्रा खाली ठेवून एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी. मी उचललं. काट्याने अठ्ठ्याण्णव दाखवलं. कुत्र्याला माझ्या हातात धाप लागली, जीभ पांढरट पडायला लागली, मी त्याला घाईने टेबलावर ठेवलं. आणि दुसऱ्यांदा काट्यावर चढण्याऐवजी सांगून टाकलं, अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे वीस," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. फळ्यावरचा कुत्रा प्रत्यक्ष भेटला होता.

बायकोने कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वीस? नक्की?"

"अगं, बँकेत काम करतो मी," मी म्हणालो. "वजाबाकी येते."

वजाबाकी बरोबरच होती, हे इथे नोंदवतो.

मग मुलीने फळ्यावर मांडलं आणि बायकोने तिच्याकडून बोलून घेतलं. आधी एकदम द्यायचा डोस: किलोला दोन मिलिग्रॅम, वीस किलो, म्हणजे चाळीस मिलिग्रॅम. औषध दोन टक्के. दोन टक्के म्हणजे शंभर मिलीत दोन ग्रॅम, म्हणजे शंभर मिलीत दोन हजार मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत वीस. चाळीस भागिले वीस, दोन मिली. बायकोने ते हळूहळू, पडद्यावर नजर ठेवून दिलं. डोंगर थोडे विरळ झाले. मधूनमधून चांगला, बारीक, टोकदार ठोका यायला लागला. बाईंनी हात जोडले, माझ्याकडे बघून.

पण हे औषध फार वेळ टिकत नाही. म्हणून पंप. सिरिंज एका यंत्रात बसवायची, आणि ते यंत्र तिला इतकं हळू ढकलतं की डोळ्यांना काही दिसतच नाही. औषध सतत, एकाच गतीने शिरेत जात राहतं. त्याचं गणित मात्र जरा आडवं असतं, कारण डोस मोजतात मायक्रोग्रॅममध्ये, तोही किलोला दर मिनिटाला, आणि पंपाला हवे असतात तासाला मिली. मुलीने मांडलं: पन्नास मायक्रोग्रॅम गुणिले वीस किलो, मिनिटाला हजार. गुणिले साठ, तासाला साठ हजार मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणजे साठ मिलिग्रॅम. भागिले वीस. तासाला तीन मिली.

"उलटं करून बघ," बायको म्हणाली. ही तिची शिस्त. उत्तरापासून मागे जायचं: तीन मिलीत साठ मिलिग्रॅम, म्हणजे मिनिटाला एक, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, भागिले वीस किलो, पन्नास. बरोबर. पंप सुरू झाला.

थोडा वेळ बरं चाललं. मी चहा केला. मग पडद्यावर पुन्हा डोंगरांची रांग लागली. बायकोने किलोला एक मिलिग्रॅम असा छोटा डोस पुन्हा दिला आणि पंपाची गती वाढवायची ठरवली. वरची मर्यादा ऐंशीच्या आसपास, आपण पंच्याहत्तरवर जाऊ, ती म्हणाली. मुलीने मांडलं: पंच्याहत्तर गुणिले वीस गुणिले साठ, नव्वद हजार मायक्रोग्रॅम, नव्वद मिलिग्रॅम, साडेचार मिली. उलटं करून पाहिलं. बरोबर. हृदय शांत होत गेलं. पडद्यावर बारीक टोकदार ठोक्यांची ओळ लागली, आणि मी बाहेर जाऊन बाईंना सांगितलं की आता चिंता नाही. हे सांगायचा मला काय अधिकार होता कोण जाणे.

आत आलो तेव्हा कुत्रा लाळ गाळत होता. ओठ चाटत होता, सारखे. मग एका कानाचं टोक फडफडलं, माशी बसल्यावर फडफडतं तसं. माशी नव्हती. मग गालाची कातडी, मग पापणी. बायको पुढे झाली. कुत्र्याच्या पुढच्या पायातून एक थरथर खांद्यापर्यंत चढत गेली आणि थांबलीच नाही.

"पंप बंद," ती म्हणाली.

मुलीने बंद केला. "मॅडम, माझं चुकलं का? एखादं शून्य?"

मला नंतर कळलं की त्या क्षणी बायकोपुढे दोन रस्ते होते. एक, औषध जास्त झालंय. दोन, औषधाचा संबंधच नाही, टेम्पोची धडक डोक्यालाही बसलीय आणि मेंदूत आता काहीतरी सुरू झालंय. पहिलं असेल तर पंप थांबवल्यावर ते उतरणार होतं, आणि हृदयासाठी कमी गतीने पुन्हा सुरू करता येणार होतं. दुसरं असेल तर औषध बंद ठेवून उपयोग नव्हता, उलट तेवढ्यात हृदय पुन्हा बेफाम सुटलं असतं. आणि हिशेबाप्रमाणे औषध मर्यादेच्या आत होतं.

ती फळ्यापाशी गेली आणि खालून वर जाऊ लागली. साडेचार मिली: पंपाच्या पडद्यावर तेच होतं. दोन टक्के: बाटली पुन्हा वाचली. साठने गुणलं: हो. हजारने भागलं: हो. पंच्याहत्तर: तिचाच निर्णय. प्रत्येक आकड्यावर ती बोट ठेवत होती आणि मी दाराशी उभा राहून त्या बोटाकडे बघत होतो. मी अजून सांगतो, मला आधी काही कळलं नव्हतं. बोट जसं वर चढत गेलं तसं वर काय लिहिलंय ते मला आठवत गेलं. सगळ्यात वर, कोपऱ्यात, मुलीच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, वीस.

बोट तिथे थांबलं. ती वळली.

"काट्यावर उभे राहा."

मी गेलो. आणि इथे माझ्या स्वभावाचं काय करावं मला कळत नाही. कुत्रा टेबलावर थरथरतोय, मुलगी रडायच्या बेतात आहे, आणि मी काट्यावर चढण्याआधी चपला काढल्या. खिशातल्या किल्ल्या काढल्या. मोबाइल काढून टेबलावर ठेवला. पट्ट्याला हात घातला.

"चपला घाला," बायको म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "कुत्र्याला धरलंत तेव्हा घातल्या होत्यात. किल्ल्यापण घ्या. मोबाइलपण."

मी सगळं परत घेतलं आणि चढलो. काट्याचा काटा जरा इकडेतिकडे करून थांबला. मी खाली बघितलं नाही. मुलीने वाकून बघितलं.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली.

अठ्ठ्याण्णव वजा चौऱ्याऐंशी. वजाबाकी मलाही येते, हे मी आधीच सांगितलंय. चौदा. त्या सगळ्या झुपक्याखाली चौदा किलोचा कुत्रा होता, आणि आम्ही त्याला वीस किलोचं औषध देत होतो. मुलीने पुटपुटत भागाकार केला: तासाला नव्वद मिलिग्रॅम, मिनिटाला दीड, पंधराशे मायक्रोग्रॅम भागिले चौदा. शंभराच्या वर. मर्यादा ऐंशी.

तिचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. उलटं केलं तरी बरोबर, सुलटं केलं तरी बरोबर. चुकीचा आकडा आत शिरला की बाकीचे सगळे प्रामाणिकपणे त्याच्या मागे चालत जातात आणि एकही जण हाक मारत नाही.

तेवढ्यात कुत्र्याची मान मागे ताठ झाली आणि चारही पाय काठ्यांसारखे सुटले. आकडी. मी आयुष्यात पाहिलेली पहिली. टेबल खडखडायला लागलं. मी त्याला टेबलावरून पडू नये म्हणून धरलं, आणि ते धरताना मला जे वाटलं ते लिहायला शब्द शोधले तर सापडतील, पण नको.

"डायझेपाम. चौदा किलो. किलोला अर्धा मिलिग्रॅम. बोल."

"सात मिलिग्रॅम," मुलगी म्हणाली. "एका मिलीत पाच. एक पूर्णांक चार मिली."

"भर."

मुलीने भरलं. सिरिंज उजेडात धरून आकडा स्वतःच पुन्हा वाचला. बायकोने शिरेत दिलं. पाय हळूहळू ढिले पडले. मग सगळं पडलं. कुत्रा इतका निपचित झाला की मला वाटलं संपलं. पडद्यावर ठोका चालू होता म्हणून कळलं की नाही.

मग वाट बघायची. औषध अंगातून उतरायची वाट, आणि ते उतरताना हृदय पुन्हा सुटतंय का याची धास्ती. एकाच गोष्टीची आशा आणि त्याच गोष्टीची भीती, हे असं कधी अनुभवलं नव्हतं. काचेच्या दारातून बाहेर बाई दिसत होत्या. गोधडीची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना चिंता नाही म्हणून सांगून आलो होतो. बायको म्हणाली, मी सांगते, आणि बाहेर गेली. तिने सगळं सांगितलं. वजन चुकलं, औषध जास्त गेलं, त्याने आकडी आली, आता बंद केलंय, पुढचं काही वेळात कळेल. कुणामुळे चुकलं ते सांगितलं नाही. "आमच्याकडून" म्हणाली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग काचेतून माझ्याकडे. तेव्हा बहुधा त्यांना पहिल्यांदा कळलं की डॉक्टर कोण आहे.

"वाचंल का पण?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," बायको म्हणाली. मी तिच्या जागी असतो तर असं म्हणू शकलो नसतो.

डोंगर परत आले. आधी एक, मग सलग तीन, मग रांग. थरथर मात्र थांबली होती, पापणी शांत होती. म्हणजे पहिलाच रस्ता होता. डोक्याला मार नव्हता, माझ्या वजनाचा मार होता. बायकोने पुन्हा पंप लावायचा ठरवला, या वेळी किलोला चाळीस. मुलीने जुना फळा पुसला. कोपऱ्यात चौदा लिहिलं आणि खाली मांडलं: चाळीस गुणिले चौदा, पाचशे साठ. गुणिले साठ, तेहतीस हजार सहाशे. म्हणजे तेहतीस पूर्णांक सहा मिलिग्रॅम. भागिले वीस, एक पूर्णांक अडुसष्ट. पंपावर एक पूर्णांक सात. चौदाने काहीच धड जात नव्हतं. सगळी उत्तरं दशांशात तुटत होती, आणि मला त्या तुटक आकड्यांचा मोठा आधार वाटला.

मी टेबलापाशी उभा राहिलो. नाडीवर बोट ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठेवलं. पडद्यावर ठोका, बोटाखाली रिकामं. ठोका, रिकामं. मग ठोका आणि बोटाखालीही ठोका. मग पुन्हा. मी बायकोकडे बघितलं, तिने मान हलवली नाही, पडद्यावरून डोळेही काढले नाहीत. ऊन खिडकीतून टेबलावरून खाली सरकलं तरी ती तशीच उभी होती. आणि कधीतरी कुत्र्याने डोळे उघडले, जिभेने माझ्या मनगटावरचा घाम चाटून पाहिला, आणि त्याला तो आवडला नसावा, कारण त्याने तोंड फिरवलं.

तो पुढे काही दिवस दवाखान्यात राहिला, आणि नंतर आपल्या पायांनी चालत टेम्पोत चढला. जाताना बाईंनी बायकोच्या हातात शेवंतीची परडी दिली. मला म्हणाल्या, "येते भाऊ." साहेब गेलं होतं.

पण त्या रविवारी संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. मुलगी कुत्र्याजवळ बसायला थांबली होती आणि आम्ही दोघं थोडा वेळ जेवायला म्हणून घरी आलो. जेवलं कुणीच नाही. मी बायकोला म्हणालो की माझ्या एका आकड्याने तुझ्या हातून जनावर गेलं असतं. ती ताटातली भाजी इकडची तिकडे करत होती. मग ताट बाजूला सारून म्हणाली,

"मला ते वीसचं वाटत नव्हतं. हातांना कळतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी पुन्हा काट्यावर चढवलं असतं."